तापलेली भिंत, गार कोपरा: दोन काटकोनी आयतांचा व्ह्यू फॅक्टर मोबाइलवर कसा काढायचा?

एप्रिल-मे महिन्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा अनुभव नवीन नाही. रात्रीचे दहा वाजलेत, बाहेर वारा सुटलाय, पंखा फुल स्पीडवर आहे, तरी पश्चिमेच्या भिंतीजवळ गादी टाकली की अंगाची एक बाजू शेकल्यासारखी वाटते. तीच गादी ओढून समोरच्या भिंतीकडे नेली की बरं वाटतं. खोली तीच, हवाही तीच, पंखाही तोच. मग फरक कशामुळे पडतो?

शाळेत आपण उष्णता पसरण्याचे तीन मार्ग शिकलो: वहन, अभिसरण आणि प्रारण. इथे खेळ तिसऱ्याचा आहे. दुपारभर उन्हात तापलेली भिंत ती उष्णता काही तासांनी आतल्या बाजूने सोडू लागते. त्यातला मोठा भाग इन्फ्रारेड किरणांच्या रूपात सरळ रेषेत निघतो आणि समोर जे काही असेल त्यावर जाऊन पडतो. मधल्या हवेला तो जवळजवळ विचारतच नाही. त्यामुळे पंख्याने हवा कितीही हलवली तरी हे किरण तुमच्यापर्यंत पोहोचतातच.

आता नेमका प्रश्न विचारूया. भिंतीतून निघालेल्या उष्णतेपैकी किती भाग जमिनीवर पडतो? आणि जमिनीच्या कुठल्या पट्ट्यावर किती? मी काम सॉफ्टवेअरमध्ये करतो, पण इंजिनिअरिंगला हीट ट्रान्सफर हा विषय होता. त्यातलं हे एक गणित मला आजही आवडतं, कारण ते मोजपट्टी आणि मोबाइल एवढ्यावर सुटतं.

व्ह्यू फॅक्टर म्हणजे काय?

समजा भिंतीतून उष्णतेचे १०० भाग निघाले. काही जमिनीवर पडतील, काही छतावर, काही बाजूच्या भिंतींवर आणि उरलेले समोरच्या भिंतीवर. त्यातले २० भाग थेट जमिनीवर पडले, तर भिंतीपासून जमिनीकडचा व्ह्यू फॅक्टर झाला ०.२०. बस्स, एवढंच. तो एक अपूर्णांक आहे, शून्य ते एकच्या मधला, आणि त्याला एकक नसतं.

यातली महत्त्वाची गोष्ट ही की व्ह्यू फॅक्टर फक्त आकार आणि मांडणीवर ठरतो. भिंत ४० अंशांवर आहे की ६० अंशांवर, रंग पांढरा आहे की निळा, याच्याशी त्याचा संबंध नाही. तापमान नंतर येतं, वॅट काढताना.

पुस्तकांमध्ये याला शेप फॅक्टर किंवा कॉन्फिगरेशन फॅक्टर असंही म्हणतात. कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये हाच आकडा फॉर्म फॅक्टर या नावाने भेटतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ साली हीट ट्रान्सफरमधली ही कल्पना उचलून खोलीतला प्रकाश एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर कसा पडतो, हे कॉम्प्युटरवर दाखवलं. ती पद्धत रेडिओसिटी म्हणून ओळखली जाते. उष्णता असो की प्रकाश, भूमिती एकच.

आपली खोली आणि तीन मापं

उदाहरणासाठी अशी खोली घेऊ: पूर्व-पश्चिम ४ मीटर, उत्तर-दक्षिण ३ मीटर आणि उंची ३ मीटर. म्हणजे साधारण १० बाय १३ फुटांची, आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये असते तशीच बेडरूम. पश्चिमेची भिंत ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच, म्हणजे ९ चौरस मीटर. जमीन ३ बाय ४, म्हणजे १२ चौरस मीटर.

भिंत आणि जमीन हे दोन आयत काटकोनात आहेत आणि जिथे भिंत जमिनीला टेकते ती कडा दोघांची सामाईक आहे. अशा जोडीसाठी तयार सूत्र आहे. त्यात तीन मापं लागतात:

- X म्हणजे सामाईक कडेची लांबी. आपल्याकडे ३ मीटर.
- Y म्हणजे ज्या आयतातून उष्णता निघते त्याची कडेपासूनची लांबी. इथे भिंतीची उंची, ३ मीटर.
- Z म्हणजे ज्या आयतावर उष्णता पडते त्याची कडेपासूनची लांबी. इथे जमिनीची खोली, ४ मीटर.

सूत्रात ही मापं थेट जात नाहीत, त्यांची गुणोत्तरं जातात: W = Y/X आणि H = Z/X. त्यामुळे तुम्ही फुटात मोजलं तरी चालेल, मीटरमध्ये मोजलं तरी चालेल. फक्त तिन्ही मापं एकाच एककात हवीत.

सूत्र

पहिल्यांदा पाहताना लांबलचक वाटेल, पण तुकडे पाडले की सोपं जातं:

```
W = Y/X      H = Z/X
R = sqrt(W² + H²)
S = 1 + W² + H²

L =      ln[ (1+W²)(1+H²) / S ]
  + W² · ln[ W²·S / ((1+W²)(W²+H²)) ]
  + H² · ln[ H²·S / ((1+H²)(W²+H²)) ]

F = [ W·atan(1/W) + H·atan(1/H) − R·atan(1/R) + L/4 ] / (π·W)
```

इथे F म्हणजे Y वाल्या आयतापासून Z वाल्या आयताकडचा व्ह्यू फॅक्टर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. ln म्हणजे नॅचरल लॉग. atan म्हणजे टॅन्जंटचं उलट, कॅल्क्युलेटरवर ते `tan⁻¹` असं दिसतं.

आता आकडे घालू. W = 3/3 = 1 आणि H = 4/3 = 1.3333. आपल्या खोलीत ३-४-५ चा प्रसिद्ध त्रिकोण लपलेला आहे, म्हणून R बरोबर 5/3, म्हणजे 1.6667 येतो.

आधी atan चे तीन तुकडे:

```
W·atan(1/W) = 1      × atan(1)    = 0.7854
H·atan(1/H) = 1.3333 × atan(0.75) = 0.8580
R·atan(1/R) = 1.6667 × atan(0.6)  = 0.9007

0.7854 + 0.8580 − 0.9007 = 0.7427
```

मग लॉगचे तीन तुकडे. S = 1 + 1 + 1.7778 = 3.7778.

```
पहिला:  ln(1.4706)          =  0.3857
दुसरा:  1 × ln(0.68)        = −0.3857
तिसरा:  1.7778 × ln(0.8704) = −0.2468

L = −0.2468      L/4 = −0.0617
```

पहिला आणि दुसरा तुकडा एकमेकांना खाऊन टाकतात. हा योगायोग नाही. W = 1 असला, म्हणजे भिंत चौरस असली, की दरवेळी असंच होतं. शेवटी:

```
F = (0.7427 − 0.0617) / (3.1416 × 1) = 0.2168
```

म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतून निघालेल्या उष्णतेपैकी जवळपास २१.७ टक्के थेट जमिनीवर पडते.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे करून बघणार असाल तर एक काळजी घ्या. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीन आडवी केली की सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडतो आणि त्यावर `DEG` किंवा `RAD` लिहिलेलं असतं. आपल्याला `RAD` हवं. ओळखायची खूण सोपी आहे: atan(1) दाबा. 0.785 आलं तर बरोबर, 45 आलं तर कॅल्क्युलेटर अंशांमध्ये आहे. अंशांमध्ये राहिलात तर F एकच्या कितीतरी वर जाईल, आणि १०० भागांतले १०० पेक्षा जास्त भाग जमिनीवर पडणं शक्यच नाही.

चार्टवरून वाचायचं असेल तर

इंजिनिअरिंगच्या डेटा बुकमध्ये याच सूत्राचा चार्ट छापलेला असतो. आडव्या अक्षावर Z/X, उभ्या अक्षावर F, आणि मधल्या प्रत्येक वक्र रेषेवर Y/X ची एक किंमत लिहिलेली. आपल्यासाठी आडव्या अक्षावर १.३३ शोधायचं, तिथून सरळ वर Y/X = 1 च्या रेषेपर्यंत जायचं आणि डावीकडे वाचायचं. उत्तर साधारण ०.२२ मिळतं.

यात एक गंमत आहे. आडवा अक्ष लॉग स्केलवर असतो. म्हणजे १ ते २ मधलं अंतर सारख्या भागांत वाटलेलं नसतं. १.३३ हा आकडा एक-तृतीयांश अंतरावर नसून ४१ टक्के अंतरावर, म्हणजे अर्ध्याच्या थोडा अलीकडे येतो. साध्या पट्टीसारखं मोजून खूण केली तर वाचन जरा कमी येतं.

दुसरं म्हणजे, प्रत्येक पुस्तकात अक्षरं तीच असतील असं नाही. कुठे X, Y, Z असतात, तर कुठे L आणि W. म्हणून अक्षरं पाठ करण्यापेक्षा चार्टच्या कोपऱ्यातली छोटी आकृती आधी बघा. सामाईक कडा कुठली आणि बाण कुठल्या आयताकडून निघतोय, एवढं कळलं की झालं.

उत्तर बरोबर आहे, हे कसं ओळखायचं?

एवढं मोठं सूत्र, त्यात एखादा कंस चुकला तरी आकडा येतोच. म्हणून मी तीन तपासण्या करतो.

पहिली, वरची मर्यादा. खोली उत्तर-दक्षिण प्रचंड लांब आहे अशी कल्पना करा, एखाद्या न संपणाऱ्या बोळासारखी. तेव्हा सूत्र फारच सोपं होतं: भिंतीची उंची अधिक जमिनीची खोली वजा तिरका कर्ण, भागिले भिंतीच्या उंचीची दुप्पट. आपल्या मापांसाठी (3 + 4 − 5) / (2 × 3), म्हणजे बरोबर एक-तृतीयांश. आपली खोली फक्त ३ मीटर लांब आहे, त्यामुळे बाजूच्या भिंतीही आपला वाटा घेतात. म्हणून खरं उत्तर ०.३३३ पेक्षा कमीच यायला हवं. ०.२१६८ कमी आहे, ठीक.

दुसरी, बेरीज. भिंतीतून निघालेलं सगळं खोलीतच कुठेतरी पडणार, म्हणून सगळ्या व्ह्यू फॅक्टरची बेरीज एक व्हायला हवी. जमिनीकडे ०.२१६८. छताकडेही तेवढंच, कारण आकार तोच. आपली भिंत चौरस असल्यामुळे बाजूच्या दोन्ही भिंतींकडेही तेवढंच. चार वेळा ०.२१६८ म्हणजे ०.८६७. उरतात ०.१३३, ते समोरच्या भिंतीकडे जायला हवेत. समोरासमोरच्या आयतांचं सूत्र वेगळं आहे. त्यात ३ बाय ३ च्या दोन भिंती आणि मध्ये ४ मीटर अंतर घातलं की ०.१३२९ येतं. बेरीज एक झाली, म्हणजे हिशोब पक्का.

तिसरी, उलटा प्रवास. जमिनीपासून भिंतीकडचा व्ह्यू फॅक्टर ०.२१६८ नसतो. जमीन मोठी आहे, तिच्या दृष्टीने भिंत हा लहान हिस्सा. नियम असा: पहिल्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा फॅक्टर बरोबर दुसऱ्याचं क्षेत्रफळ गुणिले दुसऱ्याचा फॅक्टर.

```
9 × 0.2168 = 12 × F(जमीन→भिंत)
F(जमीन→भिंत) = 0.1626
```

सूत्रात Y आणि Z ची अदलाबदल केली तरी हेच ०.१६२६ येतं. भिंतीकडून जमिनीकडे काढताना तुम्हाला ०.१६ मिळालं, तर गणित बरोबर आहे पण Y आणि Z उलटे पडलेत असं समजा. परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात, कारण आकडा दिसायला अगदी योग्य वाटतो.

फोनवर दहा ओळींत

पुढे आपल्याला हेच सूत्र चार वेळा लागणार आहे, त्यामुळे हाताने करण्यात अर्थ नाही. फोनमध्ये पायथन चालवणारं कुठलंही ॲप असेल तर हे टाका:

```python
from math import atan, log, sqrt, pi

def vf(X, Y, Z):
    W, H = Y/X, Z/X
    w, h = W*W, H*H
    r, s = sqrt(w + h), 1 + w + h
    L = log((1+w)*(1+h)/s)
    L += w*log(w*s/((1+w)*(w+h)))
    L += h*log(h*s/((1+h)*(w+h)))
    a = W*atan(1/W) + H*atan(1/H) - r*atan(1/r)
    return (a + L/4) / (pi*W)

for d in (1, 2, 3, 4):
    print(d, "%.4f" % vf(3, 3, d))
```

पायथनमध्ये `atan` रेडियनच देतं आणि `log` म्हणजे नॅचरल लॉगच, त्यामुळे ती चिंता नाही. फंक्शन नीट टाइप झालंय का हे बघायला आधी `vf(1, 1, 1)` चालवा. तीन बाजू सारख्या असताना उत्तर ०.२०००४ यायला हवं.

वरच्या लूपमध्ये मी जमीन ४ मीटरची एकदम न घेता भिंतीपासून १, २, ३ आणि ४ मीटरपर्यंत अशी वाढवत नेली आहे. आउटपुट असं येतं:

```
1 0.1132
2 0.1700
3 0.2000
4 0.2168
```

मग गादी कुठे टाकायची?

आता खरी मजा. जमिनीचे भिंतीला समांतर असे एक-एक मीटरचे चार पट्टे करूया. पहिल्या पट्ट्यावर भिंतीची ०.११३२ उष्णता पडते. पहिल्या दोघांवर मिळून ०.१७००. म्हणजे दुसऱ्या पट्ट्यावर ०.१७०० वजा ०.११३२, अर्थात ०.०५६८. अशीच वजाबाकी करत गेलं की तिसऱ्यावर ०.०३०१ आणि चौथ्यावर ०.०१६७ (हे आकडे पूर्ण दशांश धरून काढलेत).

वजाबाकी इथे चालते, कारण आपण एकाच भिंतीतून निघालेले १०० भाग वेगवेगळ्या पट्ट्यांत वाटतोय. उलट्या दिशेने, म्हणजे पट्ट्यापासून भिंतीकडे, अशी थेट वजाबाकी चालत नाही, कारण तिथे प्रत्येक वेळी उष्णता सोडणारा पृष्ठभागच बदलतो. तिथे आधी क्षेत्रफळाचा नियम लावायचा. प्रत्येक पट्टा ३ चौरस मीटरचा, भिंत ९ ची, म्हणून वरच्या आकड्यांना ३ ने गुणायचं:

- भिंतीलगतचा पट्टा (० ते १ मीटर): ०.३४
- दुसरा (१ ते २ मीटर): ०.१७
- तिसरा (२ ते ३ मीटर): ०.०९
- चौथा (३ ते ४ मीटर): ०.०५

याचा अर्थ असा की भिंतीलगतच्या पट्ट्याला वर बघताना जे काही दिसतं, त्यातला एक-तृतीयांशाहून जास्त भाग ती तापलेली भिंतच आहे. चौथ्या पट्ट्याला ती फक्त वीसातला एक भाग दिसते. जवळजवळ सातपट फरक! एवढा फरक कसा? कारण दोन गोष्टी एकदम घडतात. लांब गेल्यावर भिंत लहान दिसते, हे एक. आणि जमीन वर तोंड करून आहे, त्यामुळे लांबची भिंत तिला क्षितिजाजवळ, फार तिरकी दिसते. तिरक्या किरणांचा जोर कमी पडतो, सकाळच्या कोवळ्या उन्हासारखा.

इथे चार्टची मर्यादाही कळते. चार्टवरून ०.२२ आणि ०.२० वाचून वजाबाकी केली असती तर चौथ्या पट्ट्याला ०.०१६७ ऐवजी ०.०२ मिळालं असतं. म्हणजे वीस टक्के चूक. एक आकडा हवा असेल तर चार्ट पुरेसा आहे. दोन जवळजवळच्या आकड्यांची वजाबाकी असेल तर सूत्रच वापरा.

आता वॅटमध्ये

भिंतीचा आतला पृष्ठभाग ४० अंश सेल्सिअस आणि बाकी सगळं ३२ अंशांवर आहे असं धरू. प्रारणाचा नियम केल्व्हिनमध्ये चालतो, म्हणून ३१३ आणि ३०५. प्रत्येकाचा चौथा घात गुणिले 5.67 × 10⁻⁸:

```
313 K → 544.2 W/m²
305 K → 490.7 W/m²
फरक   →  53.5 W/m²
```

भिंतीपासून जमिनीला मिळणारी निव्वळ उष्णता = 9 × 0.2168 × 53.5, म्हणजे सुमारे १०४ वॅट. एक साधा छताचा पंखा जेवढी वीज खातो, त्याहून ही जास्त आहे, तीही एका भिंतीकडून फक्त जमिनीला. चुकून सेल्सिअसचेच आकडे घातले तर फरक ०.१ वॅटपेक्षाही कमी येतो. एवढं क्षुल्लक उत्तर दिसलं की आधी केल्व्हिन तपासा.

पट्ट्यांमध्ये वाटलं तर भिंतीलगत दर चौरस मीटरला १८.२ वॅट, दुसऱ्या पट्ट्यात ९.१, तिसऱ्यात ४.८ आणि चौथ्यात २.७. दोन चौरस मीटरची गादी भिंतीला समांतर आणि चिकटून टाकली तर तिच्यावर साधारण ३६ वॅट पडतात, समोरच्या टोकाला नेली तर पाचच्या आसपास. फक्त एक मीटर सरकवली तरी भार अर्धा होतो. म्हणजे खोली लहान असेल, अगदी समोरच्या भिंतीपर्यंत जाणं जमत नसेल, तरी पहिला मीटर रिकामा सोडणं सर्वात फायद्याचं.

हे गणित कुठे लंगडं पडतं?

पहिली गोष्ट, सूत्र असं धरून चालतं की मध्ये काहीही नाही. कपाट, पडदा, पुस्तकांचं रॅक यातलं काहीही भिंतीसमोर आलं की ते किरण अडवतं आणि सूत्र तिथे लागू होत नाही. पण हीच मर्यादा आपल्या कामाची आहे. मोठं कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावलं तर ते ढालीसारखं काम करतं. तेही थोडं तापतं, पण भिंतीपेक्षा कमी.

दुसरी गोष्ट, वॅट काढताना मी प्रत्येक पृष्ठभाग आदर्श धरला, म्हणजे आलेले सगळे किरण शोषून घेणारा. साध्या रंगाची भिंत इन्फ्रारेडमध्ये सुमारे ९० टक्के तशी वागते, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी येईल. आणि हो, आतला रंग पांढरा केला म्हणून हे किरण कमी होत नाहीत. डोळ्यांना पांढरा आणि गडद रंग वेगळे दिसतात, इन्फ्रारेडला दोघे जवळपास सारखेच. बाहेरच्या बाजूला पांढरा रंग उपयोगी पडतो, कारण तिथे प्रश्न उन्हाचा असतो.

तिसरी, पट्ट्याचा आकडा ही सरासरी आहे. पट्ट्याच्या मध्यभागी भिंत जास्त दिसते, कोपऱ्यात कमी. शिवाय सूत्राला दोन्ही आयतांची सामाईक कडा पूर्ण लांबीची लागते. भिंत ३ मीटर आणि गादी २ मीटर रुंद असेल तर सूत्र थेट चालत नाही, आयतांचे तुकडे पाडून बेरीज-वजाबाकी करावी लागते. पलंग असेल तर मात्र सोपा उपाय आहे: पलंगाची उंची भिंतीच्या उंचीतून वजा करा आणि त्या पातळीलाच जमीन समजा. अर्धा मीटर उंच पलंगासाठी Y = 2.5 घालायचं, बाकी सगळं तेच.

चौथी, तापमान. ४० आणि ३२ हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या भिंतीचं तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर लागेल. फोन भिंतीला चिकटवून तो आकडा मिळत नाही, कारण फोनमधला सेन्सर स्वतःच्या बॅटरीचं तापमान सांगतो. पण पट्ट्यांमधलं सातपट गुणोत्तर मात्र तापमानावर अवलंबून नाही. भिंत ३६ वर असो की ४५ वर, ते तसंच राहतं, कारण ते फक्त मापांतून आलंय.

तेव्हा आज टेप घेऊन खोलीची तीन मापं काढा, `vf` मध्ये घाला आणि भिंतीपासून दर मीटरला आकडा किती उतरतो ते बघा. भिंत जितकी बुटकी, तितका तो लवकर उतरतो. उंच छताच्या जुन्या घरात मात्र थोडं जास्त लांब सरकावं लागेल.